खळ्यातली धाव

गेल्या वर्षी एका स्लाईडवर मी अकरा दिवस घालवले. सबंध सादरीकरण बारा स्लाईडचं होतं आणि उरलेल्या अकरा स्लाईड चार दिवसांत उरकल्या होत्या. अडकले ते एका पानावर. ग्राहकाचा फोटो, त्याचं एखादं वाक्य आणि फरक काय पडला ते सांगणारा एक आकडा, एवढंच त्या पानावर हवं होतं.

मी कुडाळला राहते आणि आसपासच्या छोट्या उद्योगांना सादरीकरणं करून देते. काजूवाले, होमस्टेवाले, मासळीच्या बर्फाचे डबे करणारे असे लोक येतात. हे काम एका वर्कशॉपचं होतं. ते सोलर ड्रायर बनवतात. वर काचेचं झाकण, आत जाळीचे ट्रे, असा पत्र्याचा मोठा पेटारा. बचत गटांच्या बायका आणि बँकेचे दोन अधिकारी यांच्यासमोर एका हॉलमध्ये तो दाखवायचा होता. वर्कशॉपच्या दादांनी मला वेंगुर्ल्याजवळच्या एका काकींचा नंबर दिला. त्या तीस वर्षं सोलां, म्हणजे सुकवलेल्या कोकमाच्या साली, करून विकतात. त्यांनी ड्रायर एक पूर्ण हंगाम वापरला होता.

नंबरासोबत दादांनी मजकूरही तयार करून पाठवला होता. ‘या सोलर ड्रायरमुळे माझ्या उत्पादनाचा दर्जा सुधारला असून वेळेची व श्रमाची बचत झाली आहे. मी सर्व भगिनींना हे यंत्र वापरण्याची शिफारस करते.’ त्याखाली मोठ्या अक्षरांत: नुकसान ८३% कमी. फोटो म्हणून काकींचा कुठल्याशा अर्जासाठी काढलेला पासपोर्ट आकाराचा. मी त्यावरून तासाभरात एक स्लाईड करून टाकली. दिसायला ठीक होती. गेल्या आठ वर्षांत अशा कितीतरी केल्या असतील.

ती छापून काकींना दाखवायला नेली. माझा एक नियम आहे: ज्याचं नाव पानावर जातं त्याने ते पान आधी बघितलेलं असलंच पाहिजे. काकींनी चष्मा लावला, कागद लांब धरला आणि विचारलं, “ह्यां त्र्याऐंशी काय आसा गो बाय?”

मला सांगता येईना. म्हणजे गणित सांगता आलं असतं, पण ज्या आकड्याखाली त्यांचं नाव होतं तो त्यांच्याच ओळखीचा नव्हता. कुणी हॉलमध्ये त्यांना विचारलं असतं तर त्या माझ्याकडे बघत राहिल्या असत्या. मी कागद परत घेतला आणि म्हटलं, काकी, पहिल्यापासून सांगा.

---

कोकम करणाऱ्या घरात मे महिना कसा जातो हे इथे सांगायला हवं, कारण स्लाईडवरचं सगळं तिथूनच आलं. रातांबे म्हणजे कोकमाची फळं. ती फोडून गर आणि बिया वेगळ्या करतात. बियांचं पुढे मुठेल, म्हणजे कोकमाचं तेल, होतं. साली उन्हात पसरतात, मग मीठ घातलेल्या रसात बुडवून पुन्हा पसरतात. एकेक पूट द्यायचं, सुकवायचं, पुन्हा द्यायचं. सोल काळपट आणि लवचीक होईपर्यंत हे चालतं. हा सगळा खेळ खळ्यात, म्हणजे घरापुढच्या अंगणात, उघड्या उन्हात. आणि हंगाम नेमका वळवाच्या पावसाला भिडलेला. आभाळ भरलं की हातातलं ताट टाकून धावायचं, तट्टे उचलून पडवीत आणायचे, ऊन पडलं की पुन्हा बाहेर न्यायचे. ओली राहिलेली सोलां दोन दिवसांत बुरशी धरतात.

लोकांना ‘यंत्र कसं वाटलं’ असं विचारलं की ‘छान आहे’ असंच उत्तर येतं. त्या उत्तरातून कधीही चांगलं वाक्य निघत नाही. मी हल्ली प्रसंग विचारते. काकींना विचारलं, ह्या वर्षी मे महिन्यात पहिला पाऊस आला तेव्हा तुम्ही कुठे होतात? त्या हसल्या. जेवायला बसल्या होत्या म्हणाल्या. सून उठून धावायला लागली, तेव्हा त्यांनी तिला हाताला धरून बसवलं, कारण आता खळ्यात काही नव्हतंच. आणि मग त्या म्हणाल्या:

“आता कसा, पाऊस इलो तरी माका खळ्यात धावचा लागणा नाय. आत बसान जेवतंय.”

चौदा मिनिटांच्या रेकॉर्डिंगमध्ये हे वाक्य अकराव्या मिनिटाला आहे. ते ऐकताच मी वहीत वेळ लिहून ठेवली. ‘वेळेची व श्रमाची बचत’ ह्या शब्दांना जे सांगायचं होतं ते सगळं ह्यात आहे, आणि शिवाय ताट आहे, पाऊस आहे, खळं आहे. हॉलमधल्या प्रत्येक बाईने ते तट्टे उचललेले आहेत. तिला ‘श्रम’ समजावून सांगावे लागणार नव्हते.

वाक्य कापताना मी एकच पाळते: काढायचं, पण घालायचं नाही. सुरुवातीचं ‘आता कसा’ काढलं, ते बोलण्याचा टेकू होता. बाकी शब्द जसेच्या तसे. दादांचा आग्रह होता की प्रमाण मराठीत करा, बँकेच्या साहेबांना मालवणी कळेल का. मी नाही म्हटलं. अवतरणचिन्हं लावली म्हणजे आतले शब्द तिचेच असले पाहिजेत. ‘मला धावावं लागत नाही’ असं लिहिलं की ते वाक्य त्या बाईचं राहत नाही, ते ऑफिसात बसून कुणीतरी लिहिलंय हे वाचणाऱ्याला लगेच कळतं. पुढे पुण्याच्या एका प्रदर्शनासाठी हीच स्लाईड लागली, तेव्हा मूळ वाक्याखाली बारीक अक्षरांत अर्थ दिला, अवतरणचिन्हांशिवाय.

---

खरी अडचण आकड्याची होती.

काकींकडे शाळेची दोनशे पानी वही आहे. त्यात रोजचं लिहिलेलं असतं: किती रातांबे आले, किती सोलां विकली, किती टाकली. पावसाच्या दिवशी समासात ‘पा’. ही वही मी पडवीत बसून दोन तास वाचली. ड्रायर नसलेल्या हंगामात १२० किलो सोलांपैकी २२ किलो बुरशीने गेली होती. ड्रायर आल्यावर १३० किलोंपैकी ४ किलो. म्हणजे आधी शंभरातली साधारण १८ किलो जात, आता ३ जातात. दादांचे ८३ टक्के इथून आले होते, आणि गणित चूक नव्हतं. अठराच्या जागी तीन म्हणजे नुकसानातला त्र्याऐंशी टक्के भाग गेला.

पण तीच गोष्ट ‘शंभर किलोंमागे पंधरा किलो वाचली’ अशीही सांगता येते. दोन्ही खरं आहे. फक्त ८३ म्हटलं की ऐकणाऱ्याच्या डोक्यात शंभरातली त्र्याऐंशी किलो वाचल्याचं चित्र उभं राहतं. टक्क्यांतल्या फरकाचे पुन्हा टक्के काढले की आकडा मोठा दिसतो तो ह्यामुळे. ज्या आकड्याचा अर्थ लावायला वाचणाऱ्याला ‘कशाचे टक्के?’ असं विचारावं लागतं, तो आकडा अर्ध्या मिनिटाच्या स्लाईडवर ठेवू नये.

मी ‘१८ ची ३’ असं करायला निघाले आणि तेवढ्यात समासातले ‘पा’ मोजले. आधीच्या मे महिन्यात नऊ. ड्रायरच्या वर्षी तीन.

मी वही बंद करून बराच वेळ तशीच बसले. पाऊसच जर एक तृतीयांश पडला असेल, तर वाचलेल्या पंधरा किलोंपैकी किती ड्रायरने वाचवली आणि किती आभाळाने? हे त्या वहीतून सांगताच येत नाही. ‘आधी आणि नंतर’ सांगणाऱ्या बहुतेक आकड्यांत ही खोट असते. दोन वेळांच्या मध्ये यंत्राशिवाय आणखी काय बदललं हे कुणी बघत नाही. वहीत समास नसता तर मलाही दिसलं नसतं. आणि हॉलमध्ये ज्या बायका बसणार होत्या त्यांना आदल्या वर्षी किती पाऊस झाला हे माझ्यापेक्षा चांगलं आठवत होतं. एकीने जरी ‘ह्या वर्षी पाऊसच कुठे होता’ असं म्हटलं असतं, तर आकड्याबरोबर काकींचं वाक्यही पडलं असतं.

मी काकींना सरळ सांगितलं. त्यांना वाईट वाटलं नाही. त्या आत गेल्या आणि वहीचं मागचं पान उघडून आणलं. ड्रायर नवीन आला तेव्हा त्यांचा त्यावर विश्वास नव्हता. म्हणून एका दिवशीच्या वीस किलो साली त्यांनी निम्म्या-निम्म्या केल्या होत्या. दहा किलो खळ्यात तट्ट्यांवर, दहा किलो पेटाऱ्यात. रस तोच, मीठ तेच, पुटं दोन्हीकडे सारखीच. त्या सोल दुमडून बघतात, बोटाला चिकटलं नाही की झालं. पेटाऱ्यातली चौथ्या संध्याकाळी झाली. खळ्यातली आठव्या. दहा दिवसांनी पुन्हा एकदा करून बघितलं, तेच आलं. दोन्ही वेळा ऊन चांगलं होतं, समासात ‘पा’ नव्हता.

“आठ दिसांचा काम चार दिसांत झाला,” त्या म्हणाल्या.

मी जो आकडा अकरा दिवस शोधत होते तो ह्या बाईने स्वतःच्या शंकेपोटी आधीच मोजून ठेवला होता. तीच साल, तेच ऊन, तीच माणसं. फरक फक्त पेटाऱ्याचा. ८३ पेक्षा हा आकडा कितीतरी लहान दिसतो. दादांना तो पटवायला वेळ लागला. पण तो काकींना तोंडपाठ आहे आणि कुणीही विचारलं तरी कसा मोजला ते त्या सांगू शकतात.

शिवाय वाक्याशी त्याची जोडी जमली. वाक्यात आकडा नाही, आकड्यात भावना नाही. वाक्यही ‘माझे चार दिवस वाचले’ असंच असतं तर एकच गोष्ट दोनदा सांगितल्यासारखं झालं असतं आणि त्या लहानशा पानावर तेवढी जागा फुकट गेली असती.

---

फोटो मी दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसातला काढला. दुपारच्या उन्हात डोळ्यांखाली काळ्या सावल्या पडतात. पडवीत सकाळचा उजेड बाजूने आणि मऊ येतो. काकी नवीन साडी नेसून, नथ घालून आल्या. मला खरं तर रोजच्या साडीत, हातात रातांबा असलेला फोटो हवा होता. पण तो फोटो त्यांचा होता, चारचौघांत दिसणार होता, आणि लोकांसमोर कसं दिसायचं हे ठरवायचा हक्क त्यांचा. मी काही बोलले नाही. त्यांनी मांडीवर हात ठेवले आणि मग स्वतःच बघून म्हणाल्या, “हात धुवून येतंय, थांब.” धुवून आल्या तरी बोटं तशीच लालकाळी. हंगामात तो रंग साबणाने जात नाही. फोटोत नवीन साडी आहे आणि तीस वर्षांची बोटंही आहेत. म्हणून मी चेहऱ्यापाशी न कापता कमरेपर्यंत घेतला. चेहरा थोडा लहान झाला, पण हात राहिले.

सगळ्यात चांगल्या फोटोत काकी त्यांच्या उजवीकडे, म्हणजे बघणाऱ्याच्या डावीकडे बघत होत्या. माझ्या आराखड्यात फोटो डावीकडे होता आणि वाक्य उजवीकडे. तसा ठेवला की त्या स्लाईडबाहेर भिंतीकडे बघतायत असं दिसे. माणूस जिकडे बघतो तिकडे आपलीही नजर जाते. फोटोतल्या माणसाने मजकुराकडे बघायला हवं. मी सवयीने फोटो आडवा उलटवला. एका क्लिकचं काम. आणि मग दिसलं की नथ डाव्या नाकपुडीतून उजवीत गेली होती आणि पदर उजव्या खांद्यावर आला होता. कुठल्याही मराठी बाईला ते पहिल्या नजरेत खटकलं असतं, आणि नेमकं काय खटकतंय ते कळेपर्यंत स्लाईड पुढे गेली असती. फोटो परत सुलटा केला आणि आराखडाच बदलला. फोटो उजवीकडे, मजकूर डावीकडे.

फोटो मी फोनवरून तारेने लॅपटॉपवर घेतला. व्हॉट्सअ‍ॅपवरून साधा फोटो म्हणून आला की तो लहान होऊन येतो आणि पडद्यावर चेहऱ्याच्या कडा फुटतात. स्लाईड १९२० बाय १०८० पिक्सेलची धरली तर पूर्ण उंचीच्या फोटोला कापल्यानंतर निदान १०८० पिक्सेल उंची उरायला हवी.

---

अक्षरांचं काम एका संध्याकाळचं, पण त्यातल्या दोन गोष्टी सांगण्यासारख्या आहेत.

आकडा एकटा ‘४’ असा मोठा टाकला तेव्हा तो स्लाईडचा क्रमांक वाटला. खरोखर, माझ्या बहिणीने ‘हे चौथं पान का?’ असं विचारलं. म्हणून ‘४ दिवस’ असं एकत्र केलं. चार ११५ पॉइंटचा, दिवस त्याच ओळीवर ४० चा. खाली २० पॉइंटमध्ये: ‘सोलां सुकायला. त्याच दिवशीच्या साली खळ्यात ८ दिवस. मे महिना, ऊन असलेले दिवस, दोन खेपा.’ लहान अक्षरांतली ही ओळ दादांना नको होती. पण कशाच्या तुलनेत आणि किती वेळा मोजलं हे नसेल तर चार हा नुसता चार असतो.

दुसरी गोष्ट वाक्याच्या ओळींची. ३६ पॉइंटला ते तीन ओळींत बसत होतं, पण पॉवरपॉइंटने ‘नाय’ एकटं पुढच्या ओळीत ढकललं होतं. म्हणजे वरची ओळ ‘माका खळ्यात धावचा लागणा’ इथे संपत होती, आणि मागच्या रांगेतली बाई क्षणभर उलटाच अर्थ लावणार. शिफ्ट-एंटर मारून मी ओळी अर्थाप्रमाणे तोडल्या:

पाऊस इलो तरी
माका खळ्यात धावचा लागणा नाय.
आत बसान जेवतंय.

वाक्यासाठी `Tiro Devanagari Marathi` घेतला, कारण त्यात ल आणि श मराठी वळणाचे आहेत. ‘लागणा’मधला ल हिंदी धाटणीचा आला की मालवणी वाक्य परक्या कपड्यांत आल्यासारखं दिसतं. आकड्यासाठी `Mukta` चा जाड प्रकार. ओळींमधलं अंतर १.३ ठेवलं, नाहीतर वरच्या ओळीचे उकार खालच्या ओळीच्या वेलांट्यांना टेकतात. अक्षरांमधलं अंतर मात्र वाढवायचं नाही, शिरोरेषा तुटते. फाईल देताना `Embed fonts in the file` वर खूण केली आणि सोबत पीडीएफही दिली. एकदा हॉलच्या लॅपटॉपवर फॉन्ट नव्हता, ओळी आपोआप बदलल्या आणि नेमका असाच एक ‘नाही’ खाली घसरला होता. ते मी विसरलेले नाही.

नावाखाली गाव, आणि ‘३० वर्षं सोलांचा व्यवसाय’. त्याखाली आणखी एक ओळ: ‘ड्रायर पहिले दोन महिने विनामूल्य वापरायला दिला होता.’ हे खरं होतं आणि दादांनी ते आपणहून मला सांगितलं होतं. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींबद्दलची केंद्राची २०२२ ची मार्गदर्शक तत्त्वंही हेच म्हणतात की शिफारस करणाऱ्याचा कंपनीशी असा काही संबंध असेल तर तो सांगावा. पण मला ती ओळ हवी होती ती हॉलमधल्या बायकांसाठी. काकी त्यांच्यातल्याच होत्या. उद्या बाजारात भेटल्यावर ‘तुला फुकट मिळाला होता म्हणे’ असं त्यांना ऐकावं लागू नये.

छापलेली नवी स्लाईड घेऊन मी पुन्हा वेंगुर्ल्याला गेले. ती कुठे दाखवली जाणार हे सांगितलं, नको वाटली तर कधीही काढून टाकू हे लिहून दिलं, सही घेतली. काकींनी ह्या वेळी काही विचारलं नाही. वाक्य मोठ्याने वाचलं, सुनेला हाक मारून तिला वाचायला लावलं.

हॉलमध्ये ती सातवी स्लाईड होती. काकी दुसऱ्या रांगेत बसल्या होत्या. वाक्य पडद्यावर आलं तेव्हा बायका हसल्या, मग कुजबुज झाली. बँकेतल्या एका साहेबांनी विचारलं, आठचे चार हे सगळीकडे होतं का? दादा उत्तर द्यायला उठत होते, तोवर मागून एक बाई म्हणाली की आमच्याकडे माड आहेत, दुपारी दोननंतर सावली. काकी वळून उभ्या राहिल्या.

“तुमच्या खळ्यात ऊन किती वेळ रवता?”

ती म्हणाली, चार तास असेल. काकी म्हणाल्या, मग तुझे चार नाही होणार, पाच-सहा होतील. पेटारा माडापासून लांब ठेव, आणि पहिल्यांदा निम्मी सोलां खळ्यातच घाल, स्वतः मोज. त्या बाईने पर्समधून पेन काढलं आणि हातावर काहीतरी लिहून घेतलं. मी त्या संध्याकाळी फाईल उघडून आकड्याखालच्या ओळीत ‘दिवसभर ऊन असलेलं खळं’ एवढं घातलं.